तीन चिन्हे आणि एक विहीर

द्वितीय वर्ष, कला (मराठी)

गेल्या वैशाखात आमच्या घरी वाटणीचे बोलणे झाले. आमचे गाव वडिवळे, मावळ तालुक्यातले. थोरले चुलते, आमचे आबा आणि धाकटे काका असे तिघे भाऊ ओसरीवर बसले आणि तासाभरात त्यांचे एकमत झाले. भांडण नाही, आवाज चढला नाही. पुढे रीतसर वाटणीपत्र करायचे होते; तोवर ठरले ते विसरू नये म्हणून कागदावर उतरवायचे काम माझ्याकडे आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. थोरले चुलते म्हणाले, "लिही पोरी, तुझे अक्षर चांगले आहे." मी ते बोलत गेले तसे लिहीत गेले. त्यातले मुख्य वाक्य असे होते :

थोरल्या चुलत्यांना भाताचे खाचर, विहीर, माळ आबांना, राहते घर, गोठा धाकट्या काकांना.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाने हा कागद मोठ्याने वाचला. "थोरल्या चुलत्यांना भाताचे खाचर, विहीर" एवढे एका दमात वाचून तो थांबला आणि पुढे "माळ आबांना" असे म्हणाला. आबांनी मान वर केली. ठरले होते ते वेगळे. खाचर थोरल्यांना आणि विहीर व माळ आबांना असे ठरले होते, कारण माळाला दुसरे पाणी नाही. चुलतभावाने काही लबाडी केली नव्हती. कागदावर जे होते ते तसेही वाचता येत होते. बोलताना चुलते खाचरापाशी थांबले होते. तो थांबा माझ्या कानाने ऐकला होता, पण लेखणीने टिपला नव्हता. सगळ्या थांब्यांना मी एकच चिन्ह दिले होते, स्वल्पविराम.

शाळेत मी विरामचिन्हांचा तक्ता पाठ केला होता. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते. तरीही एका विहिरीची मालकी माझ्या हातून बदलली. त्यानंतर मी ग्रंथालयात बसून कथा, कादंबऱ्या आणि निबंध या दृष्टीने वाचू लागले, की लेखक कुठे थांबतो आणि कोणत्या चिन्हाने थांबतो. अर्धविराम, अपूर्णविराम आणि लांब रेघ (व्याकरणात हिला अपसारणचिन्ह म्हणतात) ही तीन चिन्हे आपण विद्यार्थी सर्वांत कमी वापरतो आणि वापरली तर एकाच्या जागी दुसरे ठेवतो. या लेखात त्या तिघांतला फरक मला जसा उमगला तसा मांडते. उदाहरणे ललित गद्याच्या धाटणीची आहेत, पण रचली आहेत मीच. म्हणजे चुकली तर दोष माझा.

ही चिन्हे आली कोठून?

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा एक मोडी कागद आहे. मला तो वाचता येत नाही, पण त्यात एकही विरामचिन्ह नाही हे न वाचताही दिसते. आधी ओळ आखायची, मग तिला लटकवून अक्षरे लिहीत जायचे. शब्दाशब्दांत नीट अंतरसुद्धा नाही. पोथ्यांत दंड असे, एक उभा किंवा दोन उभे; पण ते मुख्यतः चरण किंवा ओवी कुठे संपली ते दाखवीत. वाक्याच्या आतला थांबा वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. तो समजेही, कारण जुने मराठी गद्य 'आणि', 'परंतु', 'म्हणोन', 'ऐसे' अशा शब्दांनी आपले सांधे दाखवीत असे.

आजची चिन्हे इंग्रजीच्या वळणाने एकोणिसाव्या शतकात, छापखाना आणि शाळापुस्तके यांच्याबरोबर आली. ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हातभार लावणारे ते हेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली, तोवर मराठी निबंधकाराला लांब, पल्लेदार वाक्य लिहिण्याचे साधन मिळालेले होते. पाचसहा क्रियापदांचे वाक्य वाचकाला दम न लागता वाचता यावे, तर त्याच्या आत निरनिराळ्या उंचीच्या पायऱ्या लागतात. त्या पायऱ्या म्हणजे ही चिन्हे.

म्हणजे चिन्हे बाहेरून आली. मराठीचे वाक्य मात्र मराठीच राहिले, आणि ते इंग्रजी वाक्यासारखे चालत नाही. म्हणून कोणते चिन्ह कुठे लागते हे मराठी वाक्याकडे पाहूनच ठरवावे लागते.

एकच प्रसंग, तीन चिन्हे

ही दोन साधी वाक्ये घेऊ. आजी काही बोलली नाही. तिने चूल पेटवली. मध्ये पूर्णविराम आहे, म्हणून दोन घटना एकामागून एक घडल्या एवढेच कळते. आता चिन्ह बदलून पाहू.

आजी काही बोलली नाही; तिने चूल पेटवली.

आजी काही बोलली नाही : तिने चूल पेटवली.

आजी काही बोलली नाही — तिने चूल पेटवली!

पहिल्यात दोन्ही वाक्ये समान वजनाची आहेत. न बोलणे आणि चूल पेटवणे ही एकाच वागण्याची दोन अंगे म्हणून शेजारी ठेवली आहेत; त्यांचा संबंध काय तो वाचकाने जोडावा. दुसऱ्यात पहिले वाक्य काही तरी सांगायचे कबूल करते आणि दुसरे ते सांगते. तिचे उत्तर शब्दांत नव्हते, कृतीत होते. चूल पेटवली हेच तिचे उत्तर. तिसऱ्यात वाक्य एका दिशेने चालले होते आणि एकाएकी वळले. आजी रुसून बसेल असे वाटत असताना तिने भलतेच केले.

तिन्हींत शब्द तेच आहेत. फरक थांबण्याच्या वेळेचा नाही, नात्याचा आहे. अर्धविरामावर स्वल्पविरामापेक्षा जास्त थांबावे आणि अपूर्णविरामावर त्याहून जास्त, असे आपण शिकतो. त्यात चूक नाही, पण लिहिताना त्याचा उपयोग होत नाही, कारण थांबा घड्याळाने मोजून कोणी लिहीत नाही. दोन भागांचे नाते विचारले तर मात्र उत्तर लगेच मिळते. शेजारी असतील तर अर्धविराम. पहिल्याने वचन दिले आणि दुसऱ्याने पुरे केले तर अपूर्णविराम. वाट मोडली तर लांब रेघ.

अर्धविराम

शाळेत आपण शिकलो की दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडली, तर मध्ये अर्धविराम द्यावा. 'विहिरीला पाणी होते; पण दोर पुरत नव्हता.' हे योग्यच आहे. परंतु कथा वाचताना मला दिसले की अर्धविराम अव्ययाशिवायही येतो, आणि तेथे तो अधिक काम करतो. 'विहिरीला पाणी होते; दोर पुरत नव्हता.' येथे 'पण' हा शब्दच गेला आणि त्याचा भार चिन्हाने उचलला. येथे स्वल्पविराम ठेवला तर वाक्य घसरते. दोन पुरी क्रियापदे नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे ही आपल्या उत्तरपत्रिकांतली बहुधा सर्वांत मोठी चूक असावी.

येथे मराठीची एक सोय ध्यानात घ्यावी. 'ती उठून, तोंड धुऊन, कळशी घेऊन निघाली' या वाक्यात चार क्रिया आहेत, पण पुरे क्रियापद एकच आहे, 'निघाली'. 'उठून', 'धुऊन', 'घेऊन' ही रूपे पुढच्या क्रियापदाला टेकून उभी आहेत. त्यांच्यामध्ये अर्धविराम घालू नये. ओळखण्याची खूण सोपी आहे. चिन्हाच्या जागी पूर्णविराम ठेवून पाहावा. दोन्ही भाग आपापल्या पायावर उभे राहिले, तर अर्धविराम चालेल. 'ती उठून' हे एकटे उभे राहत नाही.

अर्धविरामाचे दुसरे काम म्हणजे गटांची कुंपणे घालणे. यादीतल्या एकेका गटात आधीच स्वल्पविराम असतील, तर गट आणि गट यांच्यामध्ये त्याहून मोठे चिन्ह लागते. हे येथे नुसते नोंदवून ठेवते; विहिरीचा निकाल त्यावरच लागायचा आहे.

अपूर्णविराम

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'आबांनी बी, खत आणि दोरी आणली.' यादी क्रियापदाच्या आधीच आली आहे, म्हणून अपूर्णविरामाला येथे कामच नाही. पण यादी लांब असेल, किंवा तिच्यावर जोर द्यायचा असेल, तर ती क्रियापदानंतर टाकावी लागते. क्रियापद आले म्हणजे मराठी वाक्याचे दार लागते. त्यानंतर काही आत घ्यायचे तर ते अपूर्णविरामातून घ्यावे : 'आबांनी बाजारातून तीन वस्तू आणल्या : बी, खत आणि दोरी.'

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अपूर्णविरामाच्या आधीचा भाग क्रियापदासह पुरा असला पाहिजे. 'आबांनी आणले : बी, खत, दोरी' हे अडखळते, कारण 'आणले' ला जे कर्म हवे तेच आपण तोडून बाहेर काढले. दोन, आधीच्या भागात वचन देणारा शब्द असावा; 'तीन', 'एकच', 'असे', 'पुढील' असा काही. कथेत हा शब्द कधी नुसता सुचवलेला असतो. आजीच्या वाक्यात तो नाही, पण 'मग तिने काय केले' हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि तेच वचन होते.

'की' हा शब्द पुष्कळदा हेच काम करतो. 'त्यांना एकच वाटे, की पोरीने शिकावे.' 'त्यांना एकच वाटे : पोरीने शिकावे.' दोन्ही बरोबर आहेत. 'त्यांना एकच वाटे की : पोरीने शिकावे' हे मात्र एका दाराला दोन कड्या लावण्यासारखे झाले. संवादाच्या आधी काय द्यावे? लहान बोलणे असेल तर कथाकार बहुधा स्वल्पविराम देतात, 'आई म्हणाली, "जेवून जा."' लांबलचक भाषण, पत्र किंवा उतारा द्यायचा असेल तर अपूर्णविराम शोभतो.

देवनागरीत अपूर्णविरामाची एक खास अडचण आहे. त्याची आकृती विसर्गासारखी दिसते. 'सारांश:' असे शब्दाला चिकटवून लिहिले, तर वाचणारा क्षणभर तेथे विसर्ग वाचतो. म्हणून अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडावी, 'सारांश :' अशी. उलट चूकही होते. संगणकावर 'दुःख' लिहिताना पुष्कळ जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची कळ दाबतात. पानावर ते चटकन दिसत नाही, पण शब्द ओळीच्या शेवटी आला तर 'दु' एका ओळीत आणि 'ख' दुसऱ्या ओळीत पडण्याचा धोका असतो. शिवाय तो शब्द शोधला तर सापडत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांत अपूर्णविरामापुढे आडवी रेघ जोडून ':-' असे लिहिलेले आढळते. विसर्गाचा घोटाळा त्याने टळतो हे खरे, पण जागा सोडली की दोन चिन्हांची गरज उरत नाही.

लांब रेघ

प्रथम आकाराविषयी. 'आई-वडील', 'पुणे-लोणावळा' यांतली रेघ आखूड असते आणि दोन्ही शब्दांना चिकटते. ते संयोगचिन्ह, ते जोडते. अपसारणाची रेघ लांब असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा सुटते. ती दूर सारते. हाताने लिहिताना आपण दोन्ही सारख्याच काढतो आणि मोबाईलवर तर आखूड रेघच चटकन सापडते, म्हणून हा फरक बुजत चालला आहे.

गद्यात लांब रेघ तीन ठिकाणी दिसते. एक, वाक्याच्या पोटात दुसरी गोष्ट घालताना : 'धाकटे काका — ते त्या दिवशी मुंबईहून मुद्दाम आले होते — शेवटपर्यंत गप्प होते.' येथे रेघा जोडीने येतात. दोन्ही रेघांमधला भाग उचलून बाजूला ठेवावा. उरलेले वाक्य सलग वाचता आले पाहिजे. 'धाकटे काका शेवटपर्यंत गप्प होते.' येते, म्हणून रेघा योग्य. दुसरे ठिकाण म्हणजे अनपेक्षित वळण, आजीच्या चुलीसारखे. तिसरे म्हणजे तुटलेले बोलणे. 'मी तर म्हणते —' येथे बोलणाऱ्याला कोणी तरी तोडले, किंवा तिने स्वतःच जीभ चावली. 'मी तर म्हणते…' येथे कोणी तोडले नाही. बोलणे आपोआप विरले. रेघ आणि टिंबे यांतला हा फरक संवाद लिहिणाऱ्याने जरूर पाळावा.

रेघेचा दोष असा की ती कुठेही बसते. अर्धविराम किंवा अपूर्णविराम सुचला नाही की आपण रेघ ओढून मोकळे होतो. एका वाक्यात रेघांच्या दोन जोड्या आल्या, तर कोणती उघडली आणि कोणती मिटली हे वाचकाला कळत नाही. मी स्वतःसाठी नियम केला आहे की एका वाक्यात एक जोडी, आणि एका परिच्छेदात शक्य तो एकच वाक्य असे.

एक उतारा

आता तिन्ही चिन्हे एकत्र पाहू. पुढील मजकुरातली चिन्हे मी काढून टाकली आहेत. वाचकांनी आधी स्वतः ती द्यावीत.

पाऊस उघडला होता खाचरात पाणी तुंबलेलेच होते आबांनी फावडे उचलले आई म्हणाली आधी जेवून पण ते दाराबाहेर पडले होते त्यांना एकच दिसत होते बांध गेला तर लावणी गेली

मी चिन्हे दिली ती अशी :

पाऊस उघडला होता; खाचरात पाणी तुंबलेलेच होते. आबांनी फावडे उचलले. आई म्हणाली, "आधी जेवून —" पण ते दाराबाहेर पडले होते. त्यांना एकच दिसत होते : बांध गेला, तर लावणी गेली.

पहिल्या ओळीत अर्धविराम, कारण पाऊस आणि पाणी ही दोन पुरी वाक्ये शेजारी उभी आहेत आणि त्यांच्यातला 'पण' चिन्हाने गिळला आहे. फावड्यापाशी पूर्णविराम, कारण तेथे माणूस उठला. ती नवी घटना आहे. आईचे बोलणे लांब रेघेने तुटले, कारण ऐकणारा थांबलाच नाही. 'एकच' या शब्दाने वचन दिले, म्हणून तेथे अपूर्णविराम. त्या जागी अर्धविराम ठेवला, तर 'बांध गेला, तर लावणी गेली' हे आबांच्या मनातले न राहता लिहिणाऱ्याचे मत होते. कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे तेदेखील एका चिन्हाने ठरते.

सगळ्या जागा इतक्या निश्चित नसतात हेही सांगितले पाहिजे. पहिल्या अर्धविरामाच्या जागी कोणी पूर्णविराम दिला, तर ती चूक म्हणता येणार नाही. चाल बदलेल एवढेच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आपण पाळतो. ते मुख्यतः अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा गोष्टींचे आहेत. अर्धविराम की पूर्णविराम हे ते ठरवून देत नाहीत. तो निर्णय लिहिणाऱ्याचा, आणि म्हणून जबाबदारीही त्याचीच.

विहिरीचा निकाल

आता कागदाकडे वळते. माझे वाक्य का फसले? मराठीत शब्दांचा क्रम सैल असतो. 'आबांना विहीर' म्हणता येते, 'विहीर आबांना' असेही म्हणता येते. चुलते बोलताना पहिल्या वाटणीत नाव आधी म्हणाले आणि पुढच्या दोन्हींत नाव शेवटी. त्यामुळे 'विहीर' हा शब्द दोन नावांच्या मध्ये पडला. त्याला मागेही ओढता येत होते, पुढेही. अर्धविरामाची कुंपणे घातली की तो एका बाजूला राहतो :

थोरल्या चुलत्यांना भाताचे खाचर; विहीर, माळ आबांना; राहते घर, गोठा धाकट्या काकांना.

चिन्ह एकच जागा सोडून पुढे गेले असते, 'खाचर, विहीर; माळ आबांना' असे, तर पाणी दुसऱ्या घरी गेले असते. शब्द मात्र तेवढेच राहिले असते.

पण येथेच मी आणखी एक गोष्ट शिकले. ज्या कागदावर घरची विहीर अवलंबून आहे, तो एका बारीक टिंबावर आणि स्वल्पविरामाच्या शेपटीवर टांगून ठेवू नये. नक्कल करताना चिन्ह सुटते, शाई पसरते, वाचणारा घाईत असतो. कथेत अर्थ चिन्हावर ठेवता येतो, कारण वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. व्यवहारात आधी शब्दांची जागा पक्की करावी आणि मग चिन्ह द्यावे. म्हणून मी कागद पुन्हा लिहिला. प्रत्येक वाटणीला एक ओळ दिली, प्रत्येक ओळीत नाव आधी घेतले :

तिघा भावांची वाटणी पुढीलप्रमाणे ठरली :
थोरले चुलते यांना भाताचे खाचर;
आबा यांना माळ आणि विहीर — पिण्याचे पाणी तिघांनी भरावे —;
धाकटे काका यांना राहते घर आणि गोठा.

आमच्या सरांना हा कागद दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "रेघ आणि अर्धविराम एकमेकांच्या अंगावर पडले आहेत. पाण्याला वेगळी ओळ दे. पाण्याची गोष्ट वाक्याच्या पोटात घालायची नसते." सरांचे म्हणणे खरे होते. दोन रेघांमधला भाग उचलून ठेवला तरी वाक्य उभे राहते, हीच तर रेघेची कसोटी. आणि तिघांचे पाणी उचलून ठेवण्यासारखे नव्हते. मी चौथी ओळ लिहिली : 'विहिरीचे पिण्याचे पाणी तिघांनी भरावे.'

त्या संध्याकाळी चुलतभावाने कागद पुन्हा वाचला. थोरल्या चुलत्यांना वाचता येत नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक ओळीनंतर तो थांबला, आणि ते जेथे थांबले होते तेथेच थांबला. चौथी ओळ झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हां, असेच बोललो होतो मी."